रांजणवाडी आणि डोळ्याच्या खोबणीतला संसर्ग

पापणी लाल होऊन सुजली, अंगात ताप आहे आणि डोळा इकडेतिकडे फिरवला की आत दुखते, ही तीन लक्षणे एकत्र आली तर ती रांजणवाडी नाही असे धरून चालावे. या अवस्थेला वैद्यकात ‘ऑर्बायटल सेल्युलायटिस’ म्हणतात. संसर्ग पापणीत नसून डोळ्याच्या हाडाच्या खोबणीत, बुबुळाच्या मागच्या भागात असतो. खानदेशात ‘डोया सुजना’ एवढ्याच शब्दांत दोन्ही आजार सांगितले जातात, आणि सुरुवातीच्या दिवशी ते दिसतातही सारखे. फरक असा की रांजणवाडी शेकाने आठवड्या-दोन आठवड्यांत बसते, तर खोबणीतल्या संसर्गाने काही तासांत नजर जाऊ शकते.

दोन्ही आजारांच्या मधोमध एक पातळ पण चिवट पडदा आहे. तो खोबणीच्या हाडाच्या काठापासून निघून वरच्या व खालच्या पापणीत उतरतो. पापणीच्या केसाच्या मुळाशी किंवा पापणीतल्या तेलग्रंथीत जंतू वाढले की रांजणवाडी होते, म्हणजे ती या पडद्याच्या बाहेर असते. तिथली कातडी सैल असल्यामुळे ज्वारीच्या दाण्याएवढ्या पुळीनेही अख्खी पापणी फुगते आणि घरचे घाबरतात. पडद्याच्या आत मात्र जागा मोजकी असते. मोठ्या माणसाची खोबण साधारण ३० मिलिलिटरची, त्यातले सुमारे ७ मिलिलिटर नेत्रगोल व्यापतो. उरलेल्या जागेत चरबी, डोळा फिरवणारे स्नायू आणि दृष्टीची नस असते. भोवती हाड असल्याने सूज आली की तिला पसरायला फक्त पुढची दिशा मिळते. म्हणून डोळा पुढे ढकलला जातो, सुजलेले स्नायू हलवले की कळ येते, आणि दाब वाढत गेला तर दृष्टीची नस चेपते.

जंतू आत बहुधा नाकाच्या बाजूने शिरतात. दोन डोळ्यांमध्ये, नाकाच्या मुळाशी लहान लहान हवेच्या पोकळ्या असतात. त्यांच्या आणि खोबणीच्या मधले हाड इतके पातळ असते की त्याचे लॅटिन नावच ‘कागदी पत्रा’ या अर्थाचे आहे. या पोकळ्या जन्मापासून असतात, म्हणून लहान मुलांतही सर्दीनंतर हा आजार होतो. सूज दिसण्याआधी पाच-सात दिवस नाक वाहत होते का, घट्ट पिवळा शेंबूड होता का, हे विचारावे. रांजणवाडीच्या रुग्णाला या प्रश्नाचे उत्तर सहसा ‘नाही’ असे असते. किडलेली दाढ, डोळ्याजवळची जखम, कापूस वेचताना किंवा केळीच्या बागेत डोळ्यात घुसलेली काडी याही वाटा आहेत, पण त्या कमी आढळतात.

तपासणीत सर्वांत जास्त चूक एकाच ठिकाणी होते: पापणी मिटलेली असते आणि ती उघडून कोणी बघत नाही. बाहेरची लाली दोन्ही आजारांत सारखीच असल्याने मिटल्या पापणीवरून निदान होत नाही. हात साबणाने धुऊन कोरडे करावेत, अंगठा भुवईच्या हाडावर टेकवावा आणि पापणी हाडाकडे वर सरकवावी. नेत्रगोलावर दाब पडता कामा नये. उघडली नाही तर जोर करू नये. अशा वेळी ‘डोळा बघता आला नाही’ हीच नोंद करून रुग्णाला पुढे पाठवावे.

डोळा उघडला की आधी नजर पाहावी. एक डोळा झाकून दुसऱ्यासमोर तीन मीटरवरून बोटे मोजायला लावावीत, मग डोळा बदलावा. दोन्ही डोळे उघडे ठेवून विचारले तर चांगला डोळा आजारी डोळ्याचे उणे झाकून टाकतो. त्यानंतर लाल बांगडी किंवा बाटलीचे लाल झाकण एकेका डोळ्याला दाखवावे. सुजलेल्या बाजूने तोच लाल रंग विटका, तपकिरी दिसत असेल तर दृष्टीच्या नसेवर दाब आला आहे. अक्षरे वाचता येत असली तरी रंग आधी फिका पडू शकतो. मग डोके स्थिर धरून बोट वर, खाली आणि दोन्ही बाजूंना न्यावे आणि डोळा सगळीकडे पोचतो का, कुठे दुखते, एकाची दोन दिसतात का हे विचारावे. शेवटी रुग्णाला बसवून मागे उभे राहावे, त्याचे डोके किंचित मागे झुकवून कपाळावरून खाली पाहावे. एक डोळा दुसऱ्यापेक्षा पुढे आलेला असेल तर तो या कोनातून पटकन कळतो.

दोन-तीन वर्षांचे मूल ‘दुखते’ असे सांगत नाही. खुळखुळा किंवा किल्ल्यांचा जुडगा बाजूला हलवला की निरोगी मूल नुसते डोळे फिरवते. खोबण सुजलेले मूल डोळे जागीच ठेवून अख्खी मान वळवते किंवा रडते.

रांजणवाडीत यातले काहीच नसते. पापणीच्या काठावर एका जागी बोट ठेवले की नेमके तिथेच दुखते, एक-दोन दिवसांत तिथे पांढरे टोक येते, डोळा मोकळा फिरतो, नजर साफ असते आणि ताप नसतो. स्वच्छ कापड सोसवेल इतक्या कोमट पाण्यात बुडवून पिळून दहा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा शेक देणे पुरते. लवंग उगाळून लावणे किंवा तापवलेल्या अंगठीने शेकणे टाळावे. लवंगेचा अर्क बुबुळाला झोंबतो आणि पापणीची कातडी शरीरातली सर्वांत पातळ असल्याने लगेच भाजते. पुळी पिळू नये. पिळल्याने पू आत ढकलला जातो आणि पापणीभर संसर्ग पसरतो.

तो पसरलेला संसर्ग ही मधली पायरी. रांजणवाडी, किडा चावलेली जागा किंवा खाजवलेली जखम यांपासून संपूर्ण पापणी लाल, गरम होते, थोडा ताप येतो. पण पडदा शाबूत असल्याने डोळा दुखल्याशिवाय सगळीकडे फिरतो आणि नजर नीट असते. मोठ्या माणसाला किंवा मोठ्या मुलाला तोंडाने प्रतिजैविक देऊन २४ ते ४८ तासांत पुन्हा पाहता येते. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र दाखल करावे. फेरतपासणीचा दिवस चुकवू नये, कारण हीच पायरी कधी कधी आत उतरते. उलट, किड्याच्या चाव्याने आलेली सूज मऊ असते, खाजते आणि झोपून उठल्यावर नाकाच्या दांड्यावरून दुसऱ्या पापणीतही उतरलेली दिसते. ताप आणि दुखणे नसेल तर त्यात घाबरण्यासारखे नाही. पावसाळ्यानंतर डेंग्यूतही डोळे फिरवताना मागून दुखते. पण ते दोन्ही डोळ्यांमागे असते, आणि एका बाजूची पापणी लाल होऊन मिटत नाही.

एक नमुना पाहू. शिरपूर तालुक्यातल्या गावातला सात वर्षांचा, २० किलो वजनाचा मुलगा. सहा दिवस सर्दी. सातव्या दिवशी सकाळी डाव्या वरच्या पापणीवर, नाकाकडच्या कोपऱ्यात थोडी सूज. मेडिकलवरून थेंब आणि तापाचे सिरप आणले, ताप उतरला म्हणून दिवस गेला. आठव्या दिवशी १०२ अंश फॅरेनहाइट ताप, पापणी पूर्ण मिटलेली. आशाताईंनी पापणी उचलली तेव्हा पांढरा भाग जेलीसारखा फुगलेला, डोळा किंचित बाहेर आणि खाली सरकलेला, नाकाकडे वळत नाही, वळवायला सांगितले की मूल कण्हते. बोटे दोन्ही डोळ्यांनी मोजता येतात, लाल रंग सारखा दिसतो. इथे गावात आणखी एक दिवस औषध देऊन बघण्याला वाव नाही. १०८ ला फोन करून त्याला धुळ्याला, जिथे नेत्रतज्ज्ञ, कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि सीटी स्कॅन एकत्र मिळतात अशा रुग्णालयात नेणे, हाच निर्णय. सुमारे ५० किलोमीटरचा हा रस्ता सरळ महामार्गाचा आहे. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या सातपुड्याच्या पाड्यांवरून निघायचे असेल तर घाटवाटेचा वेळ धरून निर्णय आणखी लवकर घ्यावा लागतो.

रुग्णालयात रक्ताचा नमुना घेऊन लगेच शिरेतून औषधे सुरू होतात: या वजनाला सेफ्ट्रायॅक्सोन १ ग्रॅम दर १२ तासांनी, सोबत व्हॅन्कोमायसिन ३०० मिलिग्रॅम दर ६ तासांनी. सीटीसाठी पहिला डोस थांबवत नाहीत. सीटीत नाकामुळच्या पोकळ्या भरलेल्या आणि खोबणीच्या आतल्या भिंतीला चिकटून भिंगाच्या आकाराचा, ४ मिलिमीटर जाडीचा पू दिसतो. तो हाड आणि त्याच्या आवरणाच्या मध्ये साठलेला असतो, म्हणून डोळा बाहेर ढकलला गेला होता. वय नऊच्या आत, पू थोडा, नजर शाबूत: अशा वेळी लगेच शस्त्रक्रिया न करता २४ ते ४८ तास वाट पाहता येते. अट एकच, नजर, लाल रंग आणि बाहुलीची प्रतिक्रिया दर चार ते सहा तासांनी, रात्रीसुद्धा, तपासली गेली पाहिजे. मध्यरात्री लाल रंग फिका वाटला किंवा टॉर्चच्या उजेडाला डावी बाहुली सुस्त झाली, तर त्याच रात्री नाकातून दुर्बिणीने पू काढावा लागतो. या मुलाचा ताप दुसऱ्या दिवशी उतरतो आणि डोळा नाकाकडे वळू लागतो. साधारण आठवडाभर इंजेक्शने, मग तोंडाने औषध, असा एकूण दोन ते तीन आठवड्यांचा कोर्स होतो. सूज ओसरली म्हणून तो मध्येच सोडला तर पोकळीत उरलेला पू पुन्हा वाट काढतो.

या गोष्टीतला सर्वांत महाग दिवस सातवा होता. पॅरासिटामोलने ताप उतरतो, संसर्ग नाही. तापाचा आकडा खाली आला म्हणून डोळ्याची हालचाल तपासणे सोडू नये. दुकानातून मागून आणलेल्या थेंबांत अनेकदा स्टेरॉइड असते. त्याने लाली कमी दिसते, मात्र पडद्याआडच्या पुवर डोळ्यात घातलेला कुठलाच थेंब पोचत नाही.

चेहऱ्याच्या आणि खोबणीच्या शिरा मेंदूखालच्या रक्तकोठीला जोडलेल्या असल्याने जंतू तिथे जाऊ शकतात. दुसराही डोळा सुजून पुढे येऊ लागला, डोकेदुखी वाढली, उलट्या झाल्या किंवा मूल गुंगीत गेले, तर तेच घडते आहे असे समजून वेळ न दवडता मोठ्या केंद्रात न्यावे.

मधुमेह असलेल्या माणसाच्या बाबतीत वरचा ताळा उलटा पडू शकतो. ताप जवळजवळ नसतो, लाली फिकी असते, पण डोळा हलत नाही, गाल बधिर वाटतो आणि नाकात किंवा टाळूवर काळा डाग दिसतो. हा जंतूंचा नव्हे, बुरशीचा संसर्ग असतो; २०२१ मध्ये कोरोनानंतर महाराष्ट्रात ‘काळी बुरशी’ म्हणून तो घरोघरी माहीत झाला. त्याला वरची प्रतिजैविके चालत नाहीत. अॅम्फोटेरिसिन हे बुरशीवरचे औषध आणि मेलेला भाग तातडीने काढणे, दोन्ही लागतात. म्हणून साखर वाढलेल्या रुग्णाची पापणी सुजली की टॉर्च आधी डोळ्यात आणि लगेच तोंडात, टाळूवर मारावा.