शिरोलंबाचा वर्ग की बाजूचा वर्ग: ९ ला १६ ने गुणायचं की २५ ने?

काटकोन त्रिकोणात काटकोनाच्या शिरोबिंदूतून कर्णावर शिरोलंब टाकला, की त्या एकाच आकृतीतून दिसायला अगदी सारखी अशी सूत्रं निघतात. △ABC मध्ये B हा काटकोन, BD हा कर्ण AC वरचा शिरोलंब आणि D हा लंबपाद धरू. मग

BD² = AD × DC

आणि

AB² = AD × AC

पहिलं शिरोलंबाचं, दुसरं काटकोन करणाऱ्या बाजूचं. (दुसऱ्याचं जुळं भावंड म्हणजे BC² = CD × CA.) डावीकडे कुणाचा तरी वर्ग, उजवीकडे कर्णावरच्या दोन लांबींचा गुणाकार, आणि AD तर दोन्हींत हजर. घोटाळा होणं साहजिकच आहे.

तो नेमका कुठे होतो, ते आकडे घेऊन पाहू. समजा AD = ९ आणि AC = २५ दिलं आहे, आणि BD काढायचा आहे. समोर दोनच संख्या दिसतात, म्हणून हात आपोआप ९ × २५ = २२५ करतो, वर्गमूळ १५ येतं आणि उत्तर लिहिलं जातं: BD = १५. वर्गमूळ इतकं स्वच्छ सुटलं की शंकाही येत नाही. पण ही १५ लांबी BD ची नाही, AB ची आहे. BD साठी आधी DC = २५ − ९ = १६ काढावा लागतो. मग BD² = ९ × १६ = १४४, म्हणून BD = १२.

दोन सूत्रं वेगळी का, याचं उत्तर त्रिकोणांच्या जोड्यांमध्ये आहे. आकृतीत तीन काटकोन त्रिकोण आहेत: मोठा ABC आणि त्याच्या पोटातले ADB व BDC हे दोन लहान. मोठ्याचा आणि ADB चा कोन A सामाईक आहे, दोघांत एकेक काटकोन आहे, म्हणून को-को कसोटीने ते समरूप. तसंच कोन C सामाईक असल्यामुळे मोठा त्रिकोण आणि BDC समरूप. मग लहान दोघेही एकमेकांशी समरूप झालेच. शिरोबिंदूंचा क्रम सांभाळून लिहायचं तर

△ABC ~ △ADB ~ △BDC

हा क्रम नुसता शिस्तीसाठी नाही, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आकृतीत जे कोन डावीकडे-उजवीकडे दिसतात ते संगत असतीलच असं नाही. △ADB मधल्या B पाशी जो कोन आहे तो मोठ्या त्रिकोणातल्या C एवढा आहे. △BDC मधला B पाशीचा कोन मात्र A एवढा. एकच बिंदू B, पण तीन त्रिकोणांत त्याच्या तीन भूमिका. नुसतं चित्र बघून गुणोत्तरं मांडली की चूक इथेच होते. ती टाळायची तर समरूपता एकदा नीट लिहून घ्यावी आणि संगत बाजू अक्षरांच्या जागेवरून वाचाव्यात.

आता लहान दोघांची जोडी घ्या: △ADB ~ △BDC. त्यावरून AD/BD = DB/DC, म्हणजे BD² = AD × DC. इथे BD दोनदा आला, कारण ती या दोन त्रिकोणांची सामाईक बाजू आहे. आपल्या आकड्यांत ADB च्या बाजू ९, १२, १५ आहेत आणि BDC च्या १२, १६, २०. तीच १२ एकात काटकोनाची मोठी बाजू आहे, दुसऱ्यात लहान.

दुसरी जोडी मोठा आणि एक लहान: △ABC ~ △ADB. त्यावरून AB/AD = AC/AB, म्हणजे AB² = AD × AC. यावेळी सामाईक बाजू AB आहे. बाजू १५, २०, २५ आणि ९, १२, १५. इथे १५ मोठ्या त्रिकोणात काटकोनाची लहान बाजू, तर लहान त्रिकोणात चक्क कर्ण.

म्हणजे रीत एकच आहे: ज्या दोन त्रिकोणांची तुलना करतो त्यांची सामाईक बाजू भूमितीमध्य होते. मला ही दृष्टी सूत्रं पाठ करण्यापेक्षा कितीतरी भरवशाची वाटते, कारण तिच्यात विसरण्यासारखं काही उरत नाही.

कर्णाकडे बघूनही फरक ओळखता येतो. शिरोलंबाच्या सूत्रातले दोन्ही रेषाखंड D पासून निघून विरुद्ध दिशांना जातात, एकमेकांवर येत नाहीत. बाजूच्या सूत्रातले दोन्ही त्या बाजूच्याच टोकापासून, A पासून, एकाच दिशेने निघतात आणि लहान रेषाखंड मोठ्याच्या आत बसतो. म्हणून AB साठी AD घ्यायचा, DC नाही: जी बाजू, तिला लागून असलेला भाग.

उत्तर चुकलंय का, हे आकृती पुन्हा न काढताही कळतं. B हा AC व्यास असलेल्या वर्तुळावर असतो, म्हणून B ची कर्णापासूनची उंची त्रिज्येपेक्षा, म्हणजे अर्ध्या कर्णापेक्षा, कधीच जास्त नसते. इथे अर्धा कर्ण १२.५. त्यामुळे BD = १२ चालतं, BD = १५ शक्यच नाही. उलटी चूक, म्हणजे AB² = ९ × १६ घेऊन AB = १२ म्हणणं, थोडी लपून राहते. पण त्याच हिशेबाने BC सुद्धा १२ येईल. दोन्ही बाजू समान असतील तर D कर्णाच्या मध्यावर हवा, आणि आपले भाग तर ९ आणि १६ आहेत.

बाजूंची दोन सूत्रं मिळवली तर AB² + BC² = AC × (AD + DC) = AC², म्हणजे पायथागोरसचं प्रमेयच समोर येतं. शिरोलंबाच्या सूत्रातून ते इतक्या सरळ निघत नाही. दुसरीकडे, युक्लिडने ‘एलिमेंट्स’च्या सहाव्या ग्रंथात दोन रेषाखंडांचा भूमितीमध्य रचून दाखवला तो शिरोलंबाच्याच सूत्राने: रेषाखंड टोकाला टोक जोडून ठेवायचे, पूर्ण लांबीवर अर्धवर्तुळ काढायचं आणि जोडाच्या बिंदूतून लंब उभा करायचा. ९ आणि २५ असे जोडले तर व्यास ३४ होतो आणि लंब √२२५ = १५. तेच ९ आणि २५ एकात एक ठेवले, तर अर्धवर्तुळ २५ वरच काढायचं, A या टोकापासून ९ अंतरावर लंब उभा करायचा आणि तो वर्तुळाला जिथे भेटतो तो बिंदू A ला जोडायचा. ही जीवासुद्धा १५ च येते, लंब मात्र १२ असतो.