आर्थिक निर्देशक आणि बाजाराची अपेक्षा

अर्थव्यवस्थेची चाल दाखवणाऱ्या आणि ठरलेल्या वेळी जाहीर होणाऱ्या आकड्यांना आर्थिक निर्देशक म्हणतात. सकल देशांतर्गत उत्पादन (जीडीपी), कारखान्यांच्या खरेदी व्यवस्थापकांच्या उत्तरांवरून निघणारा निर्देशांक म्हणजे पीएमआय आणि रोजगाराची आकडेवारी हे त्यांतले सर्वाधिक पाहिले जाणारे. जीडीपीचा तिमाही आकडा भारतात तिमाही संपल्यावर सुमारे दोन महिन्यांनी येतो. पीएमआय मात्र महिना उलटताच हाती येतो, म्हणून तो आधी वाचला जातो.

पीएमआय कसा निघतो, हे सोलापूरच्या कल्पित उदाहरणावरून कळेल. समजा, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या 100 टॉवेल कारखानदारांना विचारले की गेल्या महिन्यापेक्षा नव्या ऑर्डरी वाढल्या, तेवढ्याच राहिल्या की घटल्या? 40 जणांनी वाढल्या, 45 जणांनी तेवढ्याच आणि 15 जणांनी घटल्या असे सांगितले. वाढीचे 40 आणि ‘तेवढ्याच’चे निम्मे, म्हणजे 22.5, मिळून निर्देशांक 62.5 होतो. 50 च्या वर वाढ, खाली घट. प्रत्यक्ष पीएमआयमध्ये नव्या ऑर्डरींबरोबर उत्पादन, रोजगार, माल पुरवण्यास लागणारा वेळ आणि कच्च्या मालाचा साठा यांचेही ठरावीक भार धरतात. एखाद्याची ऑर्डर दुप्पट झाली की दोन टक्क्यांनी वाढली, हे त्यात दिसत नाही. ही त्याची मोठी मर्यादा होय.

पुढच्या महिन्यात हाच आकडा 58 आला, तरी ऑर्डरी वाढतच आहेत. पण बाजाराने 61 धरले असेल, तर शेअर पडू शकतात. अपेक्षित 61 आकडा जाहीर होण्याआधीच भावात उतरलेला असतो; भाव हलतो तो उरलेल्या तीन अंकांच्या फरकाने.

फरक कोणत्या दिशेने हलवेल, हे मात्र सरळ नसते. 29 नोव्हेंबर 2024 रोजी भारताची जुलै-सप्टेंबर तिमाहीची जीडीपी वाढ 5.4 टक्के जाहीर झाली. अर्थतज्ज्ञांचा अंदाज सुमारे 6.5 टक्के, तर रिझर्व्ह बँकेचा 7 टक्के होता. आकडा शुक्रवारी बाजार बंद झाल्यावर आला. सोमवारी रुपया घसरला, पण सेन्सेक्स वर बंद झाला आणि सरकारी रोख्यांचा परतावा उतरला. वाढ इतकी मंदावली तर रिझर्व्ह बँक पैसा सैल करील, असा हिशेब त्यामागे होता. 6 डिसेंबरला रिझर्व्ह बँकेने बँकांना कर्ज देण्याचा रेपो दर तसाच ठेवला, पण बँकांनी तिच्याकडे ठेवायच्या रोख रकमेचे, म्हणजे रोख राखीव प्रमाण, 4.5 वरून 4 टक्क्यांवर आणले.

अमेरिकेच्या रोजगार आकड्याची झळ सोलापूरच्या टॉवेल निर्यातदारापर्यंत पोचू शकते. हा आकडा अपेक्षेपेक्षा कमकुवत आला की तिथे व्याजकपातीची आशा वाढते, डॉलर सहसा नरमतो आणि निर्यातदाराला डॉलरमधल्या त्याच बिलाचे रुपये कमी मिळू शकतात. हा आकडा नंतर सुधारलाही जातो. 1 ऑगस्ट 2025 रोजी जुलैच्या 73,000 नव्या नोकऱ्या जाहीर करताना मे आणि जूनचे आकडे मिळून 2,58,000 ने खाली आणले गेले. त्या दिवशी बाजाराला धक्का बसला, तो जुलैपेक्षा या जुन्या महिन्यांमुळे अधिक.