चेतापेशीचा क्रियाविभव आणि अप्रतिसादी काळ

चेतापेशीच्या पटलावरील विद्युत्‌दाब एक-दोन मिलिसेकंदांपुरता उलटा होऊन पुन्हा मूळ पातळीवर येतो. या घटनेला क्रियाविभव किंवा अ‍ॅक्शन पोटेन्शियल म्हणतात. क्रियाविभव सुरू झाल्यानंतर थोडा वेळ पेशी दुसरा क्रियाविभव निर्माण करू शकत नाही, किंवा नेहमीच्या उत्तेजनावर करू शकत नाही. हा अप्रतिसादी काळ होय. एका सेकंदात पेशी जास्तीत जास्त किती क्रियाविभव, म्हणजेच आवेग, पाठवू शकेल, हे मुख्यतः त्यावर ठरते.

टप्पे

विश्रांतीत पेशीची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असते. पटल या वेळी प्रामुख्याने पोटॅशियमला वाट देते, म्हणून हा दाब पोटॅशियमच्या समतोल दाबाजवळ, म्हणजे ज्या दाबावर पोटॅशियमची आत-बाहेर ये-जा सारखी होते त्याजवळ, (सस्तन प्राण्यांत सुमारे −९० मिलिव्होल्ट) राहतो. उत्तेजनाने तो साधारण −५५ मिलिव्होल्टपर्यंत वर आला की सोडियम मार्गिका, म्हणजे पटलातून सोडियमला वाट देणारी प्रथिने, मोठ्या संख्येने उघडू लागतात. आत आलेल्या सोडियममुळे दाब आणखी वाढतो आणि त्यामुळे आणखी मार्गिका उघडतात. आत येणारा सोडियम प्रवाह बाहेर जाणाऱ्या पोटॅशियम प्रवाहापेक्षा मोठा झाला की ही साखळी स्वतःच्या बळावर पुढे जाते. तोच उंबरठा. त्यामुळे उंबरठा हा कायमचा ठरलेला आकडा नाही. किती सोडियम मार्गिका वापरण्याजोग्या आहेत आणि किती पोटॅशियम मार्गिका उघड्या आहेत, यानुसार तो खालीवर होतो. पुढचे सगळे विवेचन याच एका गोष्टीवर उभे आहे.

चढ अर्ध्या-एक मिलिसेकंदात +३० ते +४० मिलिव्होल्टपर्यंत पोहोचतो. सोडियमचा समतोल दाब सुमारे +६० असला तरी शिखर तिथवर जात नाही, कारण तोवर दोन गोष्टी सुरू झालेल्या असतात. सोडियम मार्गिका निष्क्रिय होऊ लागतात आणि उशिरा उघडणाऱ्या पोटॅशियम मार्गिकांतून पोटॅशियम बाहेर पडू लागते. दाब खाली येतो. पोटॅशियम मार्गिका बंद व्हायला वेळ घेतात, म्हणून तो काही मिलिसेकंद विश्रांतीच्या पातळीच्याही खाली राहतो.

हा उतार सोडियम-पोटॅशियम पंपामुळे होतो, हा समज चुकीचा आहे. एका आवेगात आत येणारे सोडियम इतके थोडे असते की जाड अक्षतंतूत पंप थांबवला तरी तो तंतू बराच वेळ आवेग वाहून नेतो. पंपाचे काम आयनांच्या साठ्यातील फरक दीर्घकाळ टिकवण्याचे आहे.

पेशी प्रतिसाद का देत नाही

सोडियम मार्गिकेच्या तीन अवस्था लक्षात घ्याव्या लागतात: बंद, उघडी आणि निष्क्रिय. बंद मार्गिका दाब वाढल्यावर उघडते. निष्क्रिय मार्गिका मात्र दाब कितीही वाढवला तरी उघडत नाही. आधी पटल पुन्हा पुरेसे ऋण व्हावे लागते आणि त्या ऋण दाबावर काही काळ जावा लागतो, तेव्हाच ती बंद अवस्थेत परतते. अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी १९५२ मध्ये स्क्विडच्या महाअक्षतंतूवरील मोजमापांवरून मांडलेल्या समीकरणांत ही निष्क्रियता h या चलाने दाखवली आहे. त्या समीकरणांत तापमान १० अंश सेल्सियसने वाढले की सर्व दर सुमारे तिप्पट होतात. थंड तंतूत अप्रतिसादी काळ लांबतो, तो यामुळेच.

अप्रतिसादी काळाचे दोन भाग पडतात. निरपेक्ष भागात, म्हणजे चढापासून उताराच्या बऱ्याच भागापर्यंत, मार्गिका आधीच उघडलेल्या तरी असतात किंवा निष्क्रिय. उत्तेजन कितीही जोरदार असले तरी दुसरा आवेग येत नाही. अनेक चेतापेशींत हा भाग सुमारे १ मिलिसेकंदाचा असतो. त्यापुढच्या काही मिलिसेकंदांच्या सापेक्ष भागात काही मार्गिका मोकळ्या झालेल्या असतात, पण उघड्या पोटॅशियम मार्गिका पटलाला खाली ओढत असतात. उंबरठा वर गेलेला असतो. जास्त उत्तेजन दिल्यास आवेग येतो, पण तो ठेंगणा असतो.

प्रयोगात हे दोन लागोपाठच्या विद्युत्‌ ठोक्यांनी मोजतात. समजा, एका तंतूला पहिला आवेग यायला १ एकक प्रवाह लागतो. ०.८ मिलिसेकंदानंतरच्या दुसऱ्या ठोक्याला १० एकके देऊनही काही होत नाही. १.५ मिलिसेकंदानंतर ३ एकके लागतात, ३ मिलिसेकंदानंतर दीड आणि ६ मिलिसेकंदानंतर पुन्हा १ पुरते. अंतर आणि लागणारा प्रवाह यांचा आलेख काढला की निरपेक्ष आणि सापेक्ष भागांची सीमा दिसते.

वारंवारतेची मर्यादा

निरपेक्ष काळ १ मिलिसेकंद असेल तर सैद्धांतिक कमाल सेकंदाला १००० आवेग इतकी होते. प्रत्यक्षात बहुतेक पेशी याच्या बरेच खाली राहतात. वरच्या उदाहरणातल्या तंतूला सतत १ एकक प्रवाह दिला, तर उंबरठा पुरता खाली येईपर्यंत सुमारे ६ मिलिसेकंद जातात. म्हणून तो सेकंदाला साधारण १६०-१७० आवेगांच्या पुढे जाणार नाही. ३ एकके दिली तर दीड मिलिसेकंदानंतरच पुढचा आवेग शक्य होतो आणि मर्यादा ६५० च्या आसपास जाते. प्रत्येक आवेगाची उंची जवळपास सारखी असूनही उत्तेजनाची तीव्रता वारंवारतेतून व्यक्त होते, त्यात सापेक्ष काळाचा मोठा वाटा आहे.

उत्तेजने अनियमित अंतराने येत असतील तर हिशोब वेगळा होतो. सरासरी दर r आणि निरपेक्ष काळ τ असेल, तर प्रत्यक्ष दर असा निघतो:

f = r / (1 + rτ)

τ = ०.००१ सेकंद धरल्यास ५०० चा दर ३३३ वर येतो आणि १००० चा ५०० वर. उत्तेजन वाढवत नेले तरी f हळूहळू १००० च्या जवळ सरकतो, तिथे पोहोचत मात्र नाही.

मेंदूतील काही अवरोधक पेशी सेकंदाला शेकडो आवेग देतात. त्यांच्यात Kv3 गटातील पोटॅशियम मार्गिका भरपूर असतात. या मार्गिका दाब चढल्यावर झटकन उघडतात आणि उतरताच झटकन बंद होतात. त्यामुळे क्रियाविभव अरुंद होतो, सोडियम मार्गिकांना ऋण दाब लवकर मिळतो आणि मागे रेंगाळणारा पोटॅशियम प्रवाहही उरत नाही.

मर्यादा बदलते तेव्हा

फेनिटोइन आणि कार्बामाझेपिन ही अपस्मारावरील औषधे निष्क्रिय अवस्थेतील सोडियम मार्गिकेला अधिक घट्ट चिकटतात आणि तिचे पूर्ववत होणे लांबवतात. अधूनमधून येणाऱ्या आवेगांच्या मधे मार्गिकेला सावरायला वेळ मिळतो, म्हणून त्यांवर परिणाम कमी होतो. झटक्यातील वेगवान माळ मात्र तुटते.

पटल फार वेळ वरच्या दाबावर राहिले तरी अडथळा येतो. बाहेरील पोटॅशियम वाढले की विश्रांतीचा दाब वर सरकतो. सुरुवातीला उंबरठा जवळ आल्याने पेशी अधिक उत्तेजित होते, पण दाब तसाच राहिला तर सोडियम मार्गिका निष्क्रिय अवस्थेतच अडकतात. नोंदीत आवेग एकामागून एक ठेंगणे आणि रुंद होत जाऊन थांबतात, दाब मात्र वरच राहतो. या अवस्थेत उत्तेजन वाढवणे व्यर्थ असते. उलट, पटल काही काळ अधिक ऋण करणारा प्रवाह दिल्यास निष्क्रियता उतरते आणि पेशी पुन्हा आवेग देऊ लागते. उत्तेजन अपुरे असल्याने पेशी गप्प आहे की या अडथळ्यामुळे, हे याच चाचणीने ओळखतात.