विमानतळावरचं किऑस्क आणि बॅग ड्रॉप: पात्रता, कागदपत्रं आणि क्रम

किऑस्क म्हणजे स्वतःच चेक-इन करायचं मशीन, आणि बॅग ड्रॉप म्हणजे टॅग लावलेली बॅग स्वतः सोपवायची जागा. ती वापरायची तर आधी पात्रता बघा. सोबत पाळीव प्राणी असेल, लहान मूल एकटंच प्रवास करत असेल किंवा व्हिसा माणसानेच तपासायचा असेल, तर किऑस्क बहुधा काउंटरवर जायला सांगतं. फार लांब किंवा वेड्यावाकड्या आकाराचं सामानही वेगळ्या काउंटरवर द्यावं लागतं.

जवळ ओळखपत्र, परदेशी जात असाल तर पासपोर्ट, आणि सहा अक्षर-अंकांचा पीएनआर ठेवा. इथे पुष्कळ जण अडतात, कारण बुकिंग साइटने दिलेला तिचा स्वतःचा क्रमांक ते टाइप करतात. किऑस्कला विमान कंपनीचा पीएनआर लागतो. तो ई-तिकिटावर असतो. तरीही नोंद सापडली नाही, तर तेरा अंकी तिकीट क्रमांक टाकून बघा.

पीएनआर आणि आडनाव टाकलं की प्रवाशांची नावं दिसतात. सीट आणि बॅगांची संख्या निवडली की बोर्डिंग पास आणि बॅगेची लांब चिकटपट्टी, म्हणजे टॅग, छापून येतो. काही ठिकाणी टॅग बॅग ड्रॉपचं मशीनच देतं.

टॅग लावणं हेच खरं कसबाचं काम. आधी जुन्या प्रवासाचे टॅग आणि छोटे बारकोड काढून टाका, नाहीतर स्कॅनर भलताच क्रमांक वाचतो. मग टॅग वरच्या घट्ट हँडलमधून ओवा, मागचा कागद सोला आणि दोन्ही टोकं पाठीला पाठ लावून नीट दाबा. बारकोडवर घडी पडू देऊ नका. पावतीचा तुकडा मात्र जपून ठेवा. त्यावरचा दहा अंकी क्रमांक हीच बॅग हरवल्यास तिची ओळख.

बॅग ड्रॉपवर बोर्डिंग पास स्कॅन करा आणि बॅग पट्ट्यावर ठेवा. बहुतेक मशीनना ती आडवी, टॅग वर दिसेल अशी हवी असते. पडद्यावरचं चित्र बघून तशीच ठेवा. लोंबणारे पट्टे आत खोचा. मऊ सॅक असेल तर तिथला ट्रे घ्या. बॅग ठेवल्यावर हात बाहेर काढून एक पाऊल मागे सरका. हात आत राहिला किंवा कुणी पट्ट्यावर टेकलं, तर सेन्सर पट्टा थांबवतो किंवा वजन चुकतं. ‘मशीन बिघडलंय’ म्हणणाऱ्यांचं पुष्कळदा इथेच चुकलेलं असतं.

समजा, मर्यादा २३ किलो आहे आणि काटा २४.६ दाखवतोय. मग १.६ किलो सामान काढून हातातल्या बॅगेत घाला किंवा जादा वजनाचे पैसे भरा. टॅग नव्याने लागत नाही, बॅग परत ठेवली की वजन पुन्हा मोजलं जातं. पॉवर बँक मात्र चेक-इन बॅगेत चालत नाही, ती हातातल्या सामानातच ठेवा.

पट्टा बॅग आत ओढून नेतो आणि पडद्यावर ‘स्वीकारली’ असा संदेश येतो. तोवर जागा सोडू नका. लाल दिवा लागला, तर बाजूच्या कर्मचाऱ्याला हाक मारा.