टीव्हीचं पॅनल फुटलं की कळतं, वॉरंटी कुठली घेतली होती

आमच्या आत्याकडे दिवाळीला त्रेचाळीस इंची टीव्ही आला. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "मॅडम, दोन वर्षांची वॉरंटी वाढवून देऊ?" तिने पैसे भरले आणि आता टीव्हीची काळजी नाही असं धरून चालली. मे महिन्यात नातवाच्या हातून सुटलेला चेंडू पडद्यावर बसला. कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी भेग आणि अर्धा पडदा काळा. तंत्रज्ञाने मोबाइलवर दोन फोटो काढले आणि सांगितलं, "हे फिजिकल डॅमेज आहे, यात बसत नाही." आत्याला फसवल्यासारखं वाटलं. पण कागद वाचला तर तंत्रज्ञ बरोबर होता. तिला हवं होतं एक आणि तिने घेतलं होतं दुसरं.

काउंटरवर दोन वेगळ्या गोष्टी जवळपास एकाच नावाने विकल्या जातात. पहिली एक्स्टेंडेड वॉरंटी. टीव्ही आपला आपण बिघडला तरच ती कामाला येते: बॅकलाइट गेला, पॉवर बोर्ड जळाला, पॅनलवर उभ्या रेघा आल्या. कंपनीची मूळ वॉरंटी, म्हणजे बहुतेक टीव्हींना एक वर्ष, संपल्यावर ती सुरू होते. दुसरा डॅमेज प्रोटेक्शन प्लॅन. टीव्ही पडला, फुटला, पाणी सांडलं, अशा अपघातासाठी तो असतो, आणि सहसा खरेदीपासूनच लागू होतो. स्वभावाने तो विमा आहे. म्हणूनच त्यात घसारा धरतात, दर क्लेमला ठरावीक रक्कम तुमच्याकडून घेतात आणि भरपाईला कमाल मर्यादा ठेवतात. पावतीवर कुठलंही नाव असो, "आपोआप झालेला बिघाड की अपघात?" एवढं विचारलं की घोळ मिटतो.

आता पैशाचं बघू. आकडे उदाहरणादाखल घेते. टीव्ही ३२,००० रुपयांचा आणि दोन वर्षांची वाढीव वॉरंटी २,६०० ची. बॅकलाइटच्या पट्ट्या किंवा पॉवर बोर्ड गेला तर बाहेरचा चांगला मेकॅनिक तीन-चार हजारांत काम करून देतो. तेवढ्यासाठी आधीच २,६०० भरण्यात अर्थ नाही. खरा घाव पॅनलचा. टीव्हीत सगळ्यात महाग तेच असतं आणि सहसा दुरुस्त न करता बदलावंच लागतं. समजा त्याला १९,००० लागतात. म्हणजे फक्त पॅनलसाठी वॉरंटी परवडायची तर अशा सात टीव्हींपैकी एकाचं पॅनल त्याच दोन वर्षांत, आपोआप जायला हवं. मला ही शक्यता एवढी मोठी वाटत नाही. बारा-तेरा हजारांच्या बत्तीस इंचीला तर मी वाढीव वॉरंटी मुळीच घेणार नाही. पंचावन्न किंवा पासष्ट इंचीचं पॅनल मात्र घरखर्च कोलमडवू शकतं. तिथे टीव्हीच्या किमतीच्या पाच-सहा टक्क्यांत आणि कंपनीची स्वतःची वॉरंटी मिळत असेल तर मी घेईन. दुकानाने तिसऱ्याच कंपनीची दिली असेल तर पॅनल त्यात आहे का आणि घसारा किती कापणार, हे लेखी बघितल्याशिवाय सही करू नये.

घाईही नको. बऱ्याच कंपन्या मूळ वॉरंटी संपायच्या आत केव्हाही ती वाढवून देतात. तुमची कंपनी देते का, हे टीव्ही घेतानाच विचारा. देत असेल तर अकराव्या महिन्यापर्यंत थांबा. तोवर बनावटीतला दोष असेल तर बहुधा दिसलेला असतो, आणि तो मूळ वॉरंटीत फुकट दुरुस्त होतो.

अपघाताचा प्लॅन घ्यायचा की नाही, हे टीव्हीपेक्षा घरावर अवलंबून. टेबलावर ठेवलेला टीव्ही आणि घरात चार वर्षांचं पोर असेल तर विचार करावा. भिंतीला पक्का ठोकलेला असेल आणि घरात सगळे मोठे, तर कशाला? आत्याला खरं तर हाच प्लॅन हवा होता, नाहीतर भिंतीला लावायचं ब्रॅकेट, जे प्लॅनहून स्वस्त पडतं.

विजेचा मुद्दा दोन्हींत अडतो. पावसाळ्याच्या तोंडावर कडकडाट होऊन बोर्ड जळाला तर नैसर्गिक आपत्ती म्हणून क्लेम नाकारला जाऊ शकतो. कोकणात ज्यांची घरं आहेत त्यांनी ढग दाटून यायला लागले की, गडगडाटाच्या आधीच, प्लगबरोबर डिशची वायरही काढावी. नुसता प्लग काढून भागत नाही, कारण वीज त्या वायरीतूनही आत येते.

तंत्रज्ञ यायच्या आधी घरी एक तपासणी करता येते. आवाज येतोय पण पडदा काळा असेल, तर खोलीत अंधार करून पडद्यावर तिरका टॉर्च मारा. पुसटसं चित्र दिसलं तर पॅनल बहुधा ठीक आहे, बॅकलाइट गेलाय. म्हणजे काम काही हजारांचं. तंत्रज्ञाने आल्या आल्या "पॅनल गेलं" म्हटलं, तर त्यालाही टॉर्च मारून दाखवायला सांगा.