गृहीतक नोंदवही

गृहीतक नोंदवही : योजना ज्या गोष्टी खऱ्या मानून आखली जाते, त्यांची योजनेसोबत जोडलेली यादी. प्रत्येक गृहीतकापुढे त्याचा आधार, जबाबदार व्यक्ती आणि फेरतपासणीची तारीख असते.

उगमाचे दोन धागे दिसतात. पहिला म्हणजे १९६९ च्या सुमारास अमेरिकी विकास-साहाय्य प्रकल्पांत आलेली तर्कचौकट, म्हणजे प्रकल्पाची मांडणी एका तक्त्यात करण्याची पद्धत. तीत गृहीतकांसाठी स्वतंत्र रकाना होता. मात्र तिथे गृहीतक कोणी आणि केव्हा तपासायचे, हे रकान्यातून ठरत नसे. दुसरा धागा रँड या अमेरिकी संशोधन संस्थेतला : तेथे १९९० च्या आसपास विकसित झालेल्या गृहीतकाधारित नियोजनात गृहीतक ढासळू लागल्याची पूर्वखूण आधीच ठरवतात. आजच्या नोंदवहीचे नाते या दुसऱ्या धाग्याशी अधिक जवळचे दिसते.

सोलापुरातील टेरी टॉवेल विणणाऱ्या एका कल्पित यंत्रमाग कारखान्याचे उदाहरण घेऊ. सहा महिन्यांची मागणी ठरलेल्या भावाने स्वीकारली आहे. सूत २५० रुपये किलो धरले, तर टॉवेलच्या किलोमागे २० रुपये उरतात. विणाईत ४ टक्के सूत वाया जाते, म्हणून सुताचा दर १ रुपयाने चढला की नफा सुमारे १.०४ रुपयांनी घटतो. दर २६५ झाला तर हाती ४.४० रुपये राहतात, २६९ च्या पुढे मागणी तोट्यात जाते. म्हणून नोंद अशी होते : ‘सूत २६५ च्या आत मिळेल, आधार – सूतगिरणीचे लेखी दरपत्रक, तारखेसह, जबाबदार – खरेदी पाहणारे गृहस्थ, नावानिशी, फेरतपासणी – मागणीवर सही करण्याच्या आधी, त्यानंतर प्रत्येक सूतखरेदीपूर्वी.’ पूर्वखूण म्हणून २५८ चा दर लिहिता येतो. तेथून उरलेले सूत एकदम बांधून घेण्याला अजून वाव असतो.

आधाराचा रकाना सर्वांत फसवा असतो. वीजखर्चासाठी ‘गेल्या वर्षीचे बिल’ लिहिले की राज्य वीज नियामक आयोगाचा नवा दर-आदेश आणि बिलात वेगळा येणारा इंधन समायोजन आकार दोन्ही सुटतात. ‘अनुभवावरून’ एवढाच आधार असेल, तर ती नोंद न तपासलेली मानावी. जबाबदार म्हणून ‘खरेदी विभाग’ लिहिणे हेही तसेच. तारीख उलटते, पण कोणालाच विचारता येत नाही.

तारीख निर्णयाच्या आधीची हवी. तिमाही आढाव्यात सुताचा दर पाहिला आणि सूत त्यापूर्वीच घेतले गेले, तर तपासणी वाया गेली. डाईंगसाठी लागणाऱ्या पाण्याची नोंद उन्हाळ्यापूर्वी तपासतात, कारण टँकरचा खर्च तेव्हा वाढतो.

नोंदवही योजनेपासून तुटते तीही ठरावीक जागी : हिशेबाच्या तक्त्यात २५० हा आकडा नुसता टाइप केलेला असतो. गृहीतकाचा क्रमांक त्या आकड्याशेजारी लिहावा. नाहीतर नोंदवहीत दर सुधारला जातो, पण नफा जुन्याच दरावर मोजला जातो.

घडण्याची नुसती शक्यता असलेल्या गोष्टी, उदा. माग बंद पडणे, जोखीम नोंदवहीत जातात. ⟶ जोखीम नोंदवही.