खरा रिफंड आणि ‘Refund’ असं लिहून आलेली रिक्वेस्ट

नाशिकच्या एका मावशी कल्पनेत घेऊ. त्यांनी ऑनलाइन मागवलेला 1,499 रुपयांचा कुर्ता परत पाठवला आणि आठवडा उलटला तरी पैसे आले नाहीत. इंटरनेटवर शोधल्यावर दुकानाच्या कस्टमर केअरचा म्हणून एक नंबर सापडला. तो दुकानाचा नव्हता, पण पलीकडचा माणूस फार अदबीने बोलला. रक्कम किती, ऑर्डर कधीची, पैसे कोणत्या ॲपने भरले, हे सगळं त्याने मावशींकडूनच काढून घेतलं. मग म्हणाला, “मॅडम, रिफंड पाठवलाय. ॲपमध्ये आलाय बघा, फक्त ॲप्रूव्ह करा.”

ॲपमध्ये खरंच 1,499 रुपयांची सूचना होती आणि खाली लिहिलं होतं ‘Refund’. मावशींनी बटण दाबलं, पिन टाकला. खात्यात 6,240 रुपये होते, ते 4,741 झाले. ही गोष्ट 2024 सालची धरू. साल का सांगतोय ते पुढे येईल.

मावशी भोळ्या म्हणून फसल्या, असं म्हणणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. खरा रिफंड आणि ही रिक्वेस्ट वरवर सारख्याच दिसतात. दोन्हींची सुरुवात समोरच्याने केलेली असते, दोन्हींत तीच अपेक्षित रक्कम असते, दोन्ही सूचना आपण न मागता फोनवर येतात. फरक पैशाच्या दिशेत असतो, आणि दिशा काही ठळक रंगात दिसत नाही.

आधी खरा रिफंड कसा येतो ते पाहू. आपण यूपीआयने दुकानाला पैसे भरतो तेव्हा त्या व्यवहाराला एक संदर्भ क्रमांक मिळतो. दुकान रिफंड मंजूर करतं तेव्हा त्याची बँक किंवा पेमेंट कंपनी त्या जुन्या व्यवहाराच्या आधारे आपल्या खात्यात रक्कम जमा करते. यात आपल्याला विचारण्यासारखं काही उरत नाही. पैसे कुठे पाठवायचे हे मूळ व्यवहारावरून माहीत असतं, आणि आपल्या खात्यात पैसे टाकायला आपली बँक आपली परवानगी मागत नाही. फोन बंद असला तरी रिफंड जमा होतो. आपल्याला कळतं ते नंतर, बँकेच्या मेसेजवरून.

दुकानाचा रिफंड आणि अडकलेला व्यवहार यांतही थोडा फरक आहे. खात्यातून पैसे गेले पण समोरच्याला मिळालेच नाहीत, तर ते आपोआप परत यायला हवेत. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमानुसार दोन खात्यांमधला व्यवहार असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि दुकानाला भरलेले असतील तर पाच दिवसांपर्यंत. उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई. त्यासाठीही कुठलं बटण दाबावं लागत नाही.

आता कलेक्ट रिक्वेस्ट. यूपीआयमध्ये पैसे हलवायच्या दोन रीती सुरुवातीपासून आहेत: मी पाठवतो, किंवा समोरचा माझ्याकडे मागतो आणि मी मान्य करतो. दुसरी रीत मुळात सोयीची होती. तिकिटाच्या वेबसाइटवर आपला यूपीआय आयडी टाकायचा, वेबसाइट रिक्वेस्ट पाठवणार, आपण फोनवर मंजूर करणार. म्हणजे आपल्या चेकवर रक्कम आणि स्वतःचं नाव दुसऱ्याने भरून आणावं आणि फक्त सही आपल्याकडे मागावी, तसा हा प्रकार. पिन ही ती सही.

त्या चेकवर एक मोकळी ओळ असते, टीपेची. रिक्वेस्ट पाठवणारा तिथे वाटेल ते लिहू शकतो: ‘Refund’, ‘Cashback’, ‘Order cancelled’. यंत्रणेसाठी त्या शब्दांना काहीच अर्थ नसतो. आपली बँक चार गोष्टी बघते: कोणत्या खात्यातून, कोणत्या खात्यात, किती, आणि पिन बरोबर आहे का. पिन जुळला की ती पैसे वजा करते आणि काही सेकंदांत ते समोरच्या बँकेत जमा होतात. चोराने बँकेला कुठेच फसवलेलं नसतं. बँकेपर्यंत पोचलेला आदेश अगदी खराच असतो.

मग मावशींनी पिन का टाकला? पिन टाकण्याचा हात बसलेला असतो, हे एक कारण. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं: शिल्लक बघायलाही पिन लागतो, आणि तेव्हा एक रुपयाही जात नाही. त्यामुळे पिन म्हणजे खातं उघडायची किल्ली, असा समज होतो. पिन पैसे देताना, शिल्लक बघताना किंवा पिनच बदलताना लागतो. पैसे घेताना मात्र कधीच लागत नाही. पिनच्या पानावर वर बघितलं तर ‘To’ पुढे समोरच्याचं नाव आणि ‘Sending’ पुढे रक्कम सहसा दिसते. पण कानाला फोन असताना ती ओळ कोण वाचतो?

पैसे कापल्याचा मेसेज आल्यावर मावशी गडबडल्या. तो माणूस शांतपणे म्हणाला, “एंट्री उलटी पडली, मॅडम. आता दोन्ही मिळून पाठवतो.” लगेच 1,999 ची दुसरी रिक्वेस्ट आली. आकडा उगाच निवडलेला नव्हता. व्यक्तीने व्यक्तीला पाठवलेल्या रिक्वेस्टवर तेव्हा 2,000 रुपयांची मर्यादा होती, म्हणून चोर एकदम मोठी रक्कम न मागता छोट्या छोट्या रिक्वेस्ट पाठवत.

ऑक्टोबर 2025 पासून व्यक्तीने व्यक्तीकडे पैसे मागण्याची ही सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने बंदच केली. व्यापाऱ्यांच्या रिक्वेस्ट मात्र त्या बंदीत नव्हत्या. शिवाय तीच युक्ती लिंकमधूनही करता येते. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकच्या किंवा क्यूआरच्या पोटात साधारण असं काही असतं:

```
upi://pay?pa=xyz@bank&am=1499&cu=INR&tn=Refund
```

`am` म्हणजे रक्कम, `tn` म्हणजे तीच मोकळी टीप, आणि `pa` म्हणजे पैसे ज्याला जाणार त्याचा आयडी. सुरुवातीलाच `pay` आहे. लिंक दाबली की आपलं ॲप रक्कम भरून तयार उघडतं, पण आता पैसे देणारे आपण असतो. ऑटोपेची, म्हणजे पैसे पुन्हा पुन्हा आपोआप कापू देण्याची, मंजुरी याहून वाईट: एकदा पिन दिला की ठरलेल्या मर्यादेत पुढचे हप्ते बहुतेक वेळा पिनशिवाय जातात. चुकून दिलीच असेल तर ॲपच्या ऑटोपे किंवा मँडेट विभागात जाऊन ती रद्द करता येते.

नुसती रिक्वेस्ट आल्याने काही जात नाही. ती नाकारावी, पाठवणाऱ्याला ब्लॉक करावं, आणि रिफंड कुठवर आला ते दुकानाच्या स्वतःच्या ॲपमधल्या त्या ऑर्डरवर बघावं. पिन देऊन झाला असेल तर फोन ठेवून लगेच 1930 ला कळवावं किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी, आणि बँकेलाही सांगावं. हाताशी व्यवहाराचा 12 अंकी यूटीआर क्रमांक, रक्कम आणि वेळ असू द्यावी. ज्या खात्यात पैसे गेले तिथून ते फार लवकर पुढे सरकवले जातात, आणि बँक गोठवू शकते ती तोवर खात्यात उरलेली रक्कमच.